चिठ्ठीत चार औषधं, पार्सलात सहा पट्ट्या: हॉस्टेलवर आजारी असताना जुळवणी कशी करायची

ओंकार पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, घर जिंतूरला. श्रावणात दोन दिवस घरी गेला आणि तिथेच शनिवारी घसा धरला, ताप चढला. रविवारी संध्याकाळी नेहमीच्या डॉक्टरांनी तपासलं. टॉन्सिल सुजलेत, त्यावर पू दिसतोय म्हणाले आणि चार औषधं लिहून दिली. तोवर मेडिकल बंद झालं होतं आणि सोमवारी सबमिशन होतं, म्हणून पोरगा चिठ्ठी खिशात घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघाला. आईने सोमवारी चिठ्ठीच्या फोटोवरून औषधं घेतली, घरच्या डब्यातल्याही दोन पट्ट्या त्यात टाकल्या आणि सगळं स्पीड पोस्टने पाठवलं. बुधवारी दुपारी पार्सल रूमवर आलं, तेव्हा अंगात १०२ ताप होता. पट्ट्या सहा निघाल्या, चिठ्ठीत औषधं चारच, आणि पट्टीवरचं एकही नाव चिठ्ठीतल्या नावाशी जुळेना.

मी औषधांच्या दुकानात बसतो आणि असा गोंधळ घेऊन येणारी मुलं कायम बघतो. गोष्ट ओंकारची असली तरी रीत कोणालाही वापरता येईल अशी सांगतो. ब्रँडची नावं मुद्दाम लिहीत नाही. एकच औषध शेकडो नावांनी विकलं जातं, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चिठ्ठी हातात असताना पार्सलची वाट बघत बसू नका. त्याच चिठ्ठीवर पुण्यातल्या कुठल्याही मेडिकलमध्ये सोमवारी सकाळीच ही औषधं मिळाली असती. आईने पैसे घालून घेतलेली औषधं वाया जातील म्हणून पोरं थांबतात, आणि पाच दिवसांचा कोर्स सुरूच तीन दिवस उशिरा होतो.

सुरुवात चिठ्ठीपासून करा

पट्ट्या लगेच उलटसुलट करायला घेऊ नका. आधी चिठ्ठी एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या अक्षरात उतरवा. हे काम अंगात ताप असताना एकट्याने करू नये. ओंकारचा रूम पार्टनर क्लासवरून येईपर्यंत तो थांबला, हे फार शहाणपणाचं केलं. एकाने वाचायचं, दुसऱ्याने लिहायचं, मग कागदांची अदलाबदल करून पुन्हा वाचायचं. ट्यूबलाइट मिणमिणती असेल तर खिडकीपाशी बसा, कारण पट्टीवरची अक्षरं बारीक असतात आणि चंदेरी फॉइलवर दिवा चमकला की ६ चा ८ दिसतो.

चिठ्ठीवर सगळ्यात आधी नाव, वय आणि तारीख बघा. हसू नका. व्हॉट्सअॅपवर घरच्यांनी पाठवलेला फोटो बहिणीच्या जुन्या चिठ्ठीचा निघाल्याचं मी पाहिलंय.

मग खुणा. १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे तीनदा. एचएस म्हणजे झोपताना. एसी म्हणजे जेवणाआधी, पीसी म्हणजे जेवणानंतर. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. या शेवटच्या खुणेवर फार जण घसरतात आणि गरजेपुरती घ्यायची गोळी कोर्ससारखी दिवसाला तीन घेत सुटतात.

ओंकारच्या कागदावर चिठ्ठी अशी उतरली:

१. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अॅसिड ६२५, १-०-१, जेवणासोबत, ५ दिवस
२. पॅरासिटामॉल ६५०, एसओएस, ताप १०० च्या वर गेला तर, दोन गोळ्यांत निदान सहा तास, दिवसात जास्तीत जास्त तीन
३. पॅन्टोप्राझोल ४०, सकाळी एक, नाश्त्याआधी, ५ दिवस
४. मॉन्टेलुकास्ट १० + लेव्होसेटिरिझिन ५, झोपताना एक, ५ दिवस

डॉक्टरांनी औषधांची मूळ नावं लिहिली होती म्हणून हे सोपं गेलं. चिठ्ठीत नुसतं ब्रँडचं नाव असेल तर जवळच्या मेडिकलमध्ये चिठ्ठी दाखवून त्यात कुठलं औषध असतं ते विचारा आणि कागदावर लिहून घ्या. अक्षर लागत नसेल तर अंदाज बांधू नका. दवाखान्यात फोन करा. एका अक्षराच्या फरकाने औषध अगदी वेगळ्याच आजाराचं निघतं.

पट्टीवर काय वाचायचं

पट्टीवरचं मोठं, रंगीत नाव बाजूला ठेवा. फॉइलच्या बाजूला बारीक अक्षरात, 'प्रत्येक गोळीत आहे' अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीने सुरू होणारा मजकूर असतो. जुळवणी त्या मजकुराशी करायची.

ओंकारने पहिली पट्टी उचलली. त्यावर अमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेट आय.पी. लिहिलेलं, पुढे 'म्हणजे अमॉक्सिसिलिन ५०० मिग्रॅ. इतकं', आणि त्याखाली पोटॅशियम क्लॅव्हुलॅनेट, 'क्लॅव्हुलॅनिक अॅसिड १२५ मिग्रॅ. इतकं'. ६२५ हा आकडा त्या मजकुरात कुठेच नव्हता. पोरगा घाबरला आणि पट्टी बाजूला ठेवायला निघाला. रूम पार्टनरने बेरीज केली: ५०० आणि १२५ मिळून ६२५. ट्रायहायड्रेट, सोडियम, पोटॅशियम, डायहायड्रोक्लोराइड हे शब्द औषध कुठल्या रूपात भरलंय ते सांगतात. 'इतकं' या शब्दापुढचा आकडा धरायचा. आणि आय.पी. म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषध त्या ग्रंथातल्या दर्जाचं आहे एवढंच. ते औषधाच्या नावात येत नाही.

जुळलं असं म्हणण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. आतलं औषध तेच हवं, जास्तीचं काही नको. मिलिग्रॅम तेवढेच हवेत. आणि गोळीचा प्रकार तोच हवा: साधी की सावकाश विरघळणारी, गोळी की कॅप्सूल. ब्रँडच्या नावामागे प्लस, फोर्ट, डी, एसआर असं काही शेपूट लागलं असेल तर सावध व्हा. या शेपटांचा अर्थ सगळ्या कंपन्यांत एकच नसतो. बहुतेक वेळा आत काहीतरी जास्तीचं आहे किंवा गोळी सावकाश विरघळणारी आहे, याची ती खूण असते. नक्की काय ते बारीक मजकुरातच कळतं.

पट्टीच्या कडेला उभी लाल रेघ दिसली तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं आहे. पण रेघ नाही म्हणून औषध बिनधोक झालं असं समजू नका. पुढे येणारी सर्दीची पट्टी त्याचंच उदाहरण आहे.

सहा पट्ट्यांचा हिशोब

टेबलावर वर्तमानपत्र पसरून तीन भाग करायचे: जुळलेल्या, विचारायच्या आणि चिठ्ठीत नसलेल्या. ओंकारच्या पट्ट्या अशा पडल्या.

अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अॅसिडची पट्टी जुळली. गोळ्या दहा. रोज दोन, पाच दिवस, म्हणजे दहाच हव्यात. ही मोजणी कधीच सोडू नका. सहा गोळ्यांची पट्टी आली असती तर शनिवारी सकाळी गोळ्या संपल्या असत्या, आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून कोर्स तिथेच सुटला असता.

पॅरासिटामॉल ६५० जुळली. पंधराची पट्टी. ही गरजेपुरतीच असल्याने उरली तर उरू द्यायची.

मॉन्टेलुकास्ट-लेव्होसेटिरिझिनचा ब्रँड ओंकारने कधी ऐकलाही नव्हता, पण आतली दोन्ही औषधं आणि दोन्ही आकडे तेच निघाले. जुळली.

चौथी पट्टी फसवी होती. वर 'पॅन' दिसलं म्हणून दोघांनी जवळजवळ जुळलेल्यांत टाकलीच होती. पण चिठ्ठीत गोळी होती आणि ही कॅप्सूल. म्हणून मागचा मजकूर वाचला: पॅन्टोप्राझोल ४०, आणि त्यासोबत डोम्पेरिडोन ३०, सावकाश सुटणारं. डोम्पेरिडोन मळमळ-उलटीवर देतात. काही लोकांच्या हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी लिहिलेलं नसताना ते घ्यायचं नाही. दुकानदाराकडे साधी गोळी नसेल आणि 'तेच आहे' म्हणून त्याने ही दिली असेल. तेच नव्हतं. पट्टी विचारायच्या भागात गेली.

पाचव्या आणि सहाव्या पट्ट्या घरच्या डब्यातल्या, कापलेल्या. एक सर्दीची. तीत पॅरासिटामॉल ५००, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. दुसरी अंगदुखीची. तीत अॅसिक्लोफेनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५. दोन्हींत पॅरासिटामॉल आहे, आणि चिठ्ठीत ते वेगळं लिहिलेलं आहेच.

आता बेरीज करून बघा. चिठ्ठीतल्या तीन गोळ्या म्हणजे ६५० तिनदा, १९५० मिग्रॅ. नाक वाहतंय म्हणून सर्दीच्या तीन गोळ्या घेतल्या तर आणखी १५००. अंग ठणकतंय म्हणून अंगदुखीच्या दोन, आणखी ६५०. एकूण ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४००० धरतात, आणि वजन कमी असेल, पोटात अन्न नसेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहूनही कमी. हॉस्टेलवर तापात दोन दिवस फक्त चहा-बिस्किटांवर असलेला मुलगा त्या मर्यादेपर्यंत जाताच कामा नये. पॅरासिटामॉल जास्त झालं की यकृताला इजा होते, आणि पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही असंही होतं. यात पोराने निष्काळजीपणा केलेला नसतो. प्रत्येक त्रासावर त्याने एक गोळी घेतलेली असते, इतकंच.

सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन आणि रात्रीच्या गोळीतलं लेव्होसेटिरिझिन ही दोन्ही अॅलर्जीचीच औषधं. दोन्ही मिळून गुंगी वाढते.

अंगदुखीच्या गोळीला मात्र माझा सक्त विरोध आहे, कारण दिवस पावसाळ्याचे आहेत. ताप डेंगीचा नाही हे ठरेपर्यंत अॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅस्पिरिन यांतलं काहीही घ्यायचं नाही. डेंगीत प्लेटलेट कमी होतात, आणि या गोळ्या प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात, पोटाच्या अस्तरालाही त्रास देतात, म्हणून रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, तेही ठरलेल्या मापात.

कापलेली पट्टी

एक्सपायरी बहुतेक वेळा पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते. नेमकं तेच टोक कापून आधी कोणीतरी वापरलेलं असतं. अंगदुखीच्या पट्टीवर महिना दिसत होता, साल कापलं गेलं होतं. एक मार्ग असतो: पट्टीवर बॅच नंबर शिल्लक असेल आणि दुकानाचं बिल सापडलं, तर बिलावर बॅच नंबरासमोर एक्सपायरी छापलेली असते. काही ब्रँडवर आता क्यूआर कोडही असतो. सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडना तो १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचा केलाय, आणि स्कॅन केला की बॅच आणि तारीख दिसते. यातलं काहीच नसेल तर ती गोळी घ्यायची नाही. पूर्ण तारीख दिसत असेल तर छापलेल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. मात्र कप्पा फुटलेला असेल, गोळीवर डाग असेल, ती भुसभुशीत किंवा चिकट झाली असेल, तर तारीख शिल्लक असूनही टाकून द्यायची.

दोन फोन

पहिला फोन घरी. ओंकारने आईला विचारलं, "आई, मला लहानपणी कुठल्या औषधाने अंगावर पुरळ आली होती का?"

"नाही रे, तुला नाही. तुझ्या दादाला आली होती, सल्फाच्या गोळीने. का, काय झालं?"

"काही नाही. आणि त्या सर्दीच्या आणि अंगदुखीच्या गोळ्या मी घेत नाही, बरं का. चिठ्ठीत नाहीत."

"अरे, तू म्हणालास अंग फार दुखतंय, म्हणून टाकल्या. बरं, राहू दे मग. जेवलास का?"

पहिला प्रश्न गरजेचा होता. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्या घरातलं अँटिबायोटिक आहे. पेनिसिलिनची अॅलर्जी असलेल्याने ते घ्यायचं नसतं, आणि लहानपणचं असलं काही आईलाच माहीत असतं.

दुसरा फोन दवाखान्यात. असा फोन करताना 'डॉक्टर, बरं वाटत नाही' एवढंच म्हणून भागत नाही. ओंकारने बोलायचं आधी लिहून काढलं: "डॉक्टर, तुम्ही रविवारी चिठ्ठी दिली होती, पण औषधं आज मिळाली. एकही गोळी सुरू झालेली नाही. ताप शनिवारपासून आहे, आज पाचवा दिवस, आत्ता १०२. गिळायला त्रास होतो. पॅन्टोप्राझोलऐवजी डोम्पेरिडोन असलेली कॅप्सूल आलीय, मळमळ नाही." डॉक्टरांच्या हिशोबात हा मुलगा तीन दिवस अँटिबायोटिकवर होता. तो नव्हता हे कळल्यावर सल्लाच बदलला. अँटिबायोटिक आज रात्रीच सुरू कर, कॅप्सूल नको, साधी गोळी तिथेच विकत घे, आणि पाचव्या दिवशीही ताप आहे तर आजच जवळच्या डॉक्टरांना घसा दाखवून रक्त तपास.

पार्सल उशिरा आलं तर हा फोन चुकवू नका. चिठ्ठी ज्या दिवसाच्या तब्येतीवर लिहिली, तो दिवस मागे गेलेला असतो.

मेसच्या वेळेवर बसवलेलं वेळापत्रक

ओंकारच्या मेसमध्ये नाश्ता आठला, रात्रीचं जेवण साडेआठला. पॅन्टोप्राझोल साडेसातला, अर्धा तास आधी. ही गोळी तोडायची किंवा चावायची नाही, कारण पोटातल्या आम्लापासून वाचवणारं वेष्टण तिच्यावर असतं. अमॉक्सिसिलिनची गोळी नाश्त्याच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या सुरुवातीला. त्याने पोटाला त्रास कमी होतो. झोपताना चौथी गोळी.

बुधवारी रात्री पहिली गोळी घेतली की दहावी सोमवारी सकाळी येते. तो दिवस कागदावर आधीच लिहून ठेवायचा. गोळी विसरली तर आठवल्यावर घ्यायची, पण पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर विसरलेली सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाही. पॅरासिटामॉल घेतली की तारीख आणि वेळ लिहायची, नाहीतर रात्री तापात उठलेल्या मुलाला मागची गोळी कधी घेतली ते आठवत नाही.

पट्ट्यांवर मार्करने १, २, ३, ४ असे चिठ्ठीतले क्रमांक टाकले, पण बॅच आणि तारीख झाकू न देता. चिठ्ठीत नसलेल्या दोन पट्ट्या रूम पार्टनरने आपल्या कपाटात ठेवल्या. त्या उशाशी असत्या तर मध्यरात्री हात त्यांच्याकडे गेला असता.

जुळवणी सोडून निघायचं कधी

अमॉक्सिसिलिन घेतल्यावर अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा चेहरा सुजला, श्वास लागला, तर पुढची गोळी न घेता तडक दवाखाना. घसा इतका सुजला की थुंकीही गिळता येत नाही किंवा तोंड उघडत नाही, तेव्हाही तसंच. ताप उतरला पण पोटात जोरात दुखतंय, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, लघवी कमी झालीय, मुलगा गळून गेलाय, तर बरं वाटेल म्हणून थांबू नका. डेंगीत ताप उतरायच्या सुमारासच धोका वाढतो. अशा वेळी रेक्टर किंवा वॉर्डनला उठवा, १०८ ला फोन करा, आणि सोबत चिठ्ठी, सगळ्या पट्ट्या, वेळा लिहिलेला कागद न्या. चिठ्ठीत नसलेल्या पट्ट्याही न्या, आणि त्यातली एखादी घेतली असेल तर तिथल्या डॉक्टरांना तसं सांगा.

पाठवणाऱ्या घरच्यांसाठी

पट्टी कापू नका, अख्खी पाठवा. दुकानदाराने वेगळा ब्रँड दिला तर आतलं औषध आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी जुळतात का, ते काउंटरवरच विचारा आणि बिलावर चिठ्ठीतला क्रमांक टाकून घ्या. बिल आणि चिठ्ठीची झेरॉक्स त्याच पाकिटात ठेवा. घरच्या डब्यातली जास्तीची औषधं टाकू नका. मुलगा पुण्या-मुंबईत असेल तर चिठ्ठीचा स्पष्ट फोटो आणि औषधाचे पैसे पाठवलेत की पार्सलच्या दोन दिवस आधी औषध त्याच्या हातात असतं. पार्सल करायचंच तर त्यात मेतकूट पाठवा, तापात मेसचं जेवण नको झालं की गरम मऊ भातावर घालून दोन घास जातात.